कीर्द उघडी, खतावणी अंदाजाची

जुलै महिन्यात नौपाड्यातल्या माझ्या कचेरीत बसायला जागा नसते. प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून घ्यायला आलेली माणसं जिन्यापर्यंत उभी असतात. अशाच एका संध्याकाळी ऐरोलीचा एक मुलगा आला. त्याच्या वडिलांचा हिशेब मी वीस वर्षं बघते, त्यामुळे तो मला काकूच म्हणतो. चित्रकामाची, मांडणीची कामं परदेशी गिऱ्हाइकांसाठी करतो आणि काही पैसे बिटकॉइनमध्ये घेतो. ते विवरणपत्रात दाखवायचे म्हटल्यावर तो मोकळेपणाने म्हणाला, "काकू, यात माझं नाव कुठेच नाही. मग दाखवायचं कशाला?"

कर चुकवायचा त्याचा हेतू नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की बिटकॉइन म्हणजे हातोहात दिलेली रोख रक्कम. हा समज मी डॉक्टरांकडून ऐकला आहे, निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडून ऐकला आहे. दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच पसरलेला आहे. तो असा की पोलिसांकडे एक सॉफ्टवेअर असतं, त्यात बिटकॉइनचा पत्ता, म्हणजे रक्कम ज्यावर येते ती अक्षरं-आकड्यांची ओळ, टाकला की माणसाचं नाव बाहेर येतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्याने माणूस बेसावध राहतो, दुसऱ्याने निरपराध माणूस अडकतो. म्हणून नेमकं काय घडतं ते मला सविस्तर सांगायचं आहे.

आमच्या धंद्यातले दोन जुने शब्द इथे फार उपयोगी पडतात. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची तारीखवार नोंद. खतावणी म्हणजे त्याच नोंदी माणसामाणसाच्या खात्यावर नेऊन मांडलेल्या. बिटकॉइनच्या ब्लॉकचेनला सगळे लेजर, म्हणजे खतावणी म्हणतात. पण ती वाचायला बसलं की कळतं, ही तर कीर्द आहे. अमुक वेळी अमुक पत्त्यावरची रक्कम तमुक पत्त्यावर गेली, एवढंच त्यात आहे. ही कीर्द जगातल्या कोणालाही वाचता येते आणि मागे जाऊन खोडता येत नाही. खातं कोणाचं, कोणते पत्ते एकाच माणसाचे, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते काम नंतर कोणीतरी बसून करतं. ब्लॉकचेन विश्लेषक म्हणवणारी माणसं मुळात कीर्दीवरून खतावणी मांडतात, आणि ती मांडताना त्यांना अंदाज करावे लागतात.

पत्ता म्हणजे टोपणनाव. टोपणनावाने लिहिणाऱ्याचं सगळं लेखन लोकांसमोर असतं, फक्त खरं नाव झाकलेलं असतं. एखाद्या दिवशी एका लेखामागचा माणूस कळला की त्या टोपणनावाखालचं आधीचं सगळं लेखन त्याच्या नावावर जमा होतं. निनावी पत्राचं तसं होत नाही, कारण एका निनावी पत्राचा दुसऱ्याशी धागा जुळलेला नसतो.

त्या मुलाला मी हे असं सांगत बसले नाही. त्याने कोणाला पैसे दिले होते का, एवढं विचारलं. एका परदेशी दुकानातून त्याने कॅमेऱ्याची जुनी लेन्स घेतली होती. तो व्यवहार आम्ही संगणकावर उघडला. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, सार्वजनिक संकेतस्थळावर व्यवहाराचा क्रमांक टाकला की पुरतं.

बिटकॉइन आपल्या बँक खात्यासारखं एक शिल्लक दाखवत नाही. पाकिटात वेगवेगळ्या रकमेच्या नोटा असाव्यात तशी आलेली प्रत्येक रक्कम सुटी राहते, आणि खर्च करायची तर ती नोट आख्खी द्यावी लागते. सोयीसाठी साटोशीत बोलू. एका बिटकॉइनचे दहा कोटी साटोशी होतात. या मुलाकडे तीन नोटा होत्या. 1,20,000 साटोशींची एक नोट जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने दिलेली. 70,000ची एक मित्राने उधारी फेडताना दिलेली. आणि 2,10,000ची त्याने इथल्याच एका एक्सचेंजवर रुपये देऊन विकत घेऊन आपल्या वॉलेटमध्ये काढलेली. तिन्ही वेगवेगळ्या पत्त्यांवर, कारण चांगली वॉलेट प्रत्येक वेळी नवा पत्ता देतात. लेन्सची किंमत 3,50,000 साटोशी. दोन मोठ्या नोटा मिळून 3,30,000च होतात, म्हणून वॉलेटने तिन्ही एकत्र दिल्या. चार लाखांतले 3,50,000 दुकानाला गेले, 1,130 व्यवहार नोंदवण्याचं शुल्क म्हणून गेले आणि उरलेले 48,870 सुट्ट्यांसारखे परत आले, तेही एका कोऱ्या पत्त्यावर.

आता हीच नोंद परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचू. त्याला डावीकडे तीन पत्ते दिसतात, उजवीकडे दोन. डावीकडची प्रत्येक रक्कम सोडवायला तिच्या गुप्त किल्लीची सही लागते. तिन्ही सह्या एकाच व्यवहारात आहेत, म्हणजे तिन्ही किल्ल्या बहुधा एकाच हातात आहेत. झाले तीन पत्ते एका खात्यात जमा. हा विश्लेषकांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात दणकट नियम आहे. 2008 मध्ये साटोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यातच ही अडचण कबूल केलेली आहे: व्यवहारागणिक नवा पत्ता घ्यावा, तरी अनेक रकमा एकत्र खर्च केल्या की त्या एकाच मालकाच्या असल्याचं उघड होणारच. म्हणजे हे निनावी आहे असा दावा ज्याने ते घडवलं त्यानेही केला नव्हता.

उजवीकडचा प्रश्न जास्त मजेदार आहे. दोन पत्त्यांपैकी दुकान कोणतं आणि सुट्टे कोणते? एक रक्कम 3,50,000, गोल. दुसरी 48,870, अडनिडी. किंमत सहसा गोल असते आणि उरलेले पैसे अडनिडे, एवढा एक इशारा. त्याहून पक्का इशारा नोटांच्या निवडीत आहे. समजा किंमत 48,870च होती. मग ती एकट्या 70,000च्या नोटेत भागली असती, बाकीच्या दोन बाहेर काढायचं कारणच नव्हतं. तीन नोटा काढाव्या लागल्या त्याअर्थी किंमत मोठी होती, आणि लहान रक्कम घरी परतली. वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा मुलगा रोज हाच तर्क करतो, त्याला कोणी तो शिकवलेला नसतो. अशा रीतीने चौथा पत्ताही खात्यावर चढला. पुढे ते 48,870 आणखी दुसऱ्या रकमांबरोबर खर्च झाले की त्यांचे पत्तेही चढतील. एका व्यवहारातून सुरू झालेलं खातं असं वाढत जातं.

एवढं होऊनही नाव आलेलं नाही. नाव कीर्दीच्या बाहेरून येतं, आणि एकाच पत्त्याला आलं तरी पुरतं. 2,10,000ची नोट ज्या एक्सचेंजमधून निघाली तिथे त्या मुलाचा पॅन, आधार आणि सेल्फी आहे. म्हणजे एक्सचेंजला नाव ठाऊक आहे आणि कीर्द सगळ्यांपुढे आहे. दोन्ही शेजारी ठेवले की जर्मनीची कमाईही त्याच नावावर. जर्मन गिऱ्हाइकाचंही तसंच. त्याला आपण कोणत्या पत्त्यावर पैसे पाठवले ते माहीत आहे. तो पत्ता लेन्सच्या व्यवहारात दिसल्यावर या मुलाकडे आणखी किती होते, तेही त्याला दिसलं. पुढच्या कामाचा मोबदला ठरवताना गिऱ्हाइकाने समोरच्याचं पाकीट आधीच उघडून बघितलेलं असणं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. हे ऐकून मुलगा गप्प झाला. कराचं बोलणं चालू होतं तोवर तो गप्प झाला नव्हता.

बाहेरून नावं गोळा करण्याचं काम शिस्तीत कसं होतं हे 2013 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी करून दाखवलं. सारा मायकलजॉन आणि तिच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या सेवांशी स्वतः 344 व्यवहार केले. एक्सचेंजमध्ये पैसे भरले, काढले, दुकानांतून वस्तू मागवल्या. प्रत्येक वेळी समोरचा पत्ता कोणाचा हे त्यांना पक्कं कळत होतं. त्या पत्त्यावर वर सांगितलेले दोन नियम लावले की त्या सेवेचं मोठं खातं उभं राहत होतं. आजच्या विश्लेषण कंपन्या व्याप्ती वाढवून हेच करतात. त्यांच्या पडद्यावरच्या आकृतीत प्रत्येक खात्याचा एक गोल असतो, आणि एखाद्या गोलाला एक्सचेंजचं नाव दिसतं ते कोणीतरी तिथे खरेदी करून आलं म्हणून, किंवा ते पत्ते कुठल्यातरी प्रकरणात जप्त झाले म्हणून.

तपास करणारा मग चोरीच्या पत्त्यापासून पुढे पुढे चालत जातो तो एका दाराच्या शोधात. रुपया किंवा डॉलर करून घ्यायचा तर बहुतेकांना कुठल्यातरी एक्सचेंजच्या दारात यावं लागतं. एक्सचेंज प्रत्येक ग्राहकाला पैसे भरण्यासाठी वेगळा पत्ता देतं, आणि तो वागण्यावरून ओळखू येतो: तिथे आलेली रक्कम थोड्याच वेळात शेकडो इतर पत्त्यांवरच्या रकमांसोबत एका मोठ्या वॉलेटमध्ये ओढली जाते. तो पत्ता सापडला की कीर्दीचं काम संपलं. पुढचं काम पत्राचं. हा पत्ता, हा व्यवहार क्रमांक, ही वेळ, तुमच्या कोणत्या ग्राहकाचा, असं पत्र. भारतात 7 मार्च 2023च्या अधिसूचनेने अशा एक्सचेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणलं, त्यामुळे ग्राहकाची ओळख पटवून तिची नोंद ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. नावाचा पत्ता लागतो तो या वहीतून.

कीर्द खोडता येत नाही याचा अर्थ काय, हे बिटकॉइन फॉगच्या खटल्यात दिसलं. ही सेवा 2011 पासून लोकांचे कॉइन एकमेकांत मिसळून माग पुसून देत होती. ती चालवल्याच्या आरोपावरून रोमन स्टर्लिंगोव्ह याला 2021 मध्ये अमेरिकेत अटक झाली आणि 2024 मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं. सरकारी पक्षाचा एक महत्त्वाचा धागा 2011चाच होता. माऊंट गॉक्स या एक्सचेंजवर त्याच्या स्वतःच्या नावाचं खातं होतं. तिथून निघालेले कॉइन टप्प्याटप्प्याने फिरून लिबर्टी रिझर्व्ह या त्या काळच्या डिजिटल चलनात बदलले, आणि त्यातून सेवेच्या संकेतस्थळाच्या नावाचे पैसे भरले गेले, अशी ती मांडणी. अटक झाली तेव्हा ती नोंद दहा वर्षांची जुनी होती आणि जशीच्या तशी होती.

पण याच खटल्यात बचाव पक्षाने जो मुद्दा लावून धरला तो मला आपल्याकडच्या चर्चेत फारसा ऐकू येत नाही. पत्त्यांची खाती बांधणारं सॉफ्टवेअर किती वेळा चुकतं, हे शास्त्रीय पद्धतीने कोणी तपासलेलं आहे का? न्यायालयाने पुरावा ग्राह्य धरला. तरी प्रश्न योग्यच होता, कारण नियम चुकतात आणि कसे चुकतात तेही ठाऊक आहे.

एकत्र सह्यांचा नियम घ्या. 2013 मध्ये ग्रेगरी मॅक्सवेल याने कॉइनजॉइन नावाची पद्धत सुचवली. तिच्यात अनोळखी माणसं ठरवून एकच व्यवहार करतात, प्रत्येक जण आपापल्या नोटेवर सही करतो आणि उजवीकडे सगळ्यांना सारख्या रकमा मिळतात. आंधळेपणाने नियम लावला तर ही सगळी अनोळखी माणसं एका खात्यात कोंबली जातात. सारख्या रकमांची रांग दिसली की जाणता विश्लेषक थांबतो. पण दोघांनीच मिळून, सारख्या रकमा न ठेवता असं केलं तर नोंद अगदी साध्या खरेदीसारखी दिसते आणि ओळखायला काही खूण उरत नाही. सुट्ट्यांचा तर्क तर याहून नाजूक. काही वॉलेट शुल्क कमी असताना मुद्दाम लहान नोटा एकत्र करून घेतात, तेव्हा "तिसरी नोट कशाला काढली" या प्रश्नाचं उत्तर वेगळंच असतं. आणि सुट्टे ओळखण्यात एकदा चूक झाली की दुकानाचा पत्ता गिऱ्हाइकाच्या खात्यात जातो, त्यामागून दुकानाची सगळी उलाढाल जाते. मग खातं अचानक फुगतं. फुगलेलं खातं ही चूक झाल्याची पहिली खूण असते, पण ती बघायला कोणालातरी आकृतीवरून नजर काढून कीर्दीत परत जावं लागतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र याहून साधी आहे, आणि ती मी जवळून पाहिली. गेल्या वर्षी कळव्याचा एक माणूस माझ्याकडे आला. दुसऱ्या राज्यातल्या तपासावरून त्याचं बँक खातं गोठवलेलं होतं. घराचा हप्ता, मुलीची फी, सगळं त्याच खात्यातून. सोबत एक आकृती होती, पाच गोल आणि बाणांची. पहिला गोल फसवणुकीचा पत्ता, पाचवा याचा. त्याने आयुष्यात एकदाच बिटकॉइन घेतलं होतं, एका एक्सचेंजवर, आणि सहा महिन्यांनी ते स्वतःच्या वॉलेटमध्ये काढलं होतं. दोष त्याचा एवढाच.

मी कीर्द उघडून बसले. चौथा गोल एक्सचेंजच्या सामायिक वॉलेटचा होता, त्या पत्त्यावर दिवसाला शेकडो व्यवहार होते. चोराने आपल्या भरणा-पत्त्यावर रक्कम टाकली, एक्सचेंजने ती सामायिक वॉलेटमध्ये ओढली. तासाभरात कळव्याच्या माणसाने आपलं जुनं कॉइन काढायला सांगितलं. एक्सचेंजच्या यंत्रणेने हाताला आलेली नोट उचलून त्याला दिली आणि ती नोट नेमकी चोराकडून आलेली होती. बाण खरा होता. कीर्दीत ती रक्कम खरोखरच तशी गेली होती. पण मी बँकेत पाच हजार मागितले आणि रोखपालाने सकाळी दुसऱ्याने भरलेल्या नोटा मला दिल्या, म्हणून त्या दुसऱ्याशी माझा व्यवहार झाला असं होत नाही. माग तिसऱ्या गोलावरच थांबायला हवा होता, चोराच्या भरणा-पत्त्यावर. तिथून पुढे एक्सचेंजला पत्र. चोराचा बाण प्रत्यक्षात एक्सचेंजच्या आतल्या वहीत जात होता, आणि ती वही सार्वजनिक नसते.

एक्सचेंजचा खुलासा मागवून, अर्ज करून खातं मोकळं व्हायला अकरा आठवडे गेले. त्या अकरा आठवड्यांत चोराच्या भरणा-पत्त्याबद्दल कोणी एक्सचेंजला विचारलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

यावर पोलिसांची बाजू मी समजू शकते. फसवणुकीचा पैसा मिनिटांत हलतो. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार आल्यावर आधी रोखायचं आणि मग तपासायचं, याला पर्याय नसतो. फसलेल्या आजोबांचे निवृत्तीचे पैसे वाचायचे तर कोणाचं तरी खातं तातडीने थांबवावंच लागेल. मला ते मान्य आहे. पण तातडीने थांबवलेलं काय आणि किती, हा प्रश्न उरतो. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशा प्रकरणांत गोठवणूक संशयित रकमेपुरतीच ठेवायला सांगितलं. कॉइनच्या बाबतीत हे अधिकच लागू व्हायला हवं, कारण इथे पहिल्या गोलापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक बाणाची खात्री वेगळी असते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. ब्लॉकचेनच्या मागाचा अहवाल कारवाईसाठी किंवा न्यायालयात जायचा असेल तर त्यात कीर्द आणि खतावणी वेगळी लिहिलेली असावी. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम ही कीर्द. ती कोणीही पडताळू शकतो, तिच्यावर वाद नाही. हे दोन पत्ते एकाच माणसाचे, ही खतावणी. तिथे कोणता नियम लावला ते प्रत्येक जोडणीशेजारी लिहावं: एकत्र सह्या, सुट्ट्यांचा तर्क, की नुसतं सॉफ्टवेअरने दिलेलं नाव. सॉफ्टवेअरने दिलं असेल तर कशावरून दिलं हे आरोपीच्या वकिलाला विचारता यावं. आणि सामायिक वॉलेट आलं की अहवालाने तिथे थांबावं, पुढचा बाण काढू नये. आम्ही लेखापरीक्षक कुठल्याही कारखान्याच्या वहीत प्रमाणक आणि अंदाजित रक्कम एकत्र मिसळू देत नाही. माणसाचं खातं गोठवणाऱ्या कागदाला त्याहून सैल नियम का असावा?

काही जण म्हणतात, मग खरंच निनावी असणारं मोनेरोसारखं नाणं वापरावं, तिथे पत्ते आणि रकमा झाकलेल्या असतात. मला तो मार्ग पटत नाही. फसलेल्या माणसाच्या हातात मग मागाचा पहिला बाणही उरत नाही. पण आपल्या कमाईचं पाकीट प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसू नये ही इच्छा गुन्हेगाराची नसते, साध्या माणसाचीच असते, आणि एकत्र सह्यांच्या एका चुकीने ते दिसायला लागतं हे त्याला पैसे घेण्याआधी कोणी सांगत नाही.

ऐरोलीच्या मुलाचं विवरणपत्र आम्ही त्याच आठवड्यात भरलं. गिऱ्हाइकाकडून आलेली रक्कम त्या दिवशीच्या भावाने व्यवसायाच्या उत्पन्नात, आणि लेन्ससाठी दिलेले तिन्ही हिस्से आभासी मालमत्तेच्या परिशिष्टात, प्रत्येकाची खरेदीची तारीख आणि किंमत वेगळी. 48,870 साटोशींचं काय, असं त्याने विचारलं. ते त्याचे त्याच्याकडेच परत आले होते, त्यावर कर नव्हता. ते परिशिष्टात दाखवावे लागू नयेत म्हणून मला आधी सिद्ध करावं लागलं की तो पत्ता त्याचाच आहे. कीर्दीत तसं लिहिलेलं नव्हतं. त्याने वॉलेट उघडून तो पत्ता दाखवला, मी पडद्याचा फोटो घेतला, खाली तारीख घातली आणि फाइलला लावला.

कळव्याच्या माणसाच्या फाइलीत मात्र ती पाच गोलांची आकृती अजून तशीच आहे. पाचवा गोल खोडून द्या म्हणून केलेल्या अर्जाची पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही.